फायबर नेट वारंवार बंद, तक्रार मात्र दर वेळी ‘सोडवली’: काय तपासायचं आणि कंपनीला काय लिहायचं

लक्षणं साधारण अशी असतात. नेट अचानक जातं. कधी चाळीस मिनिटं, कधी अर्धा दिवस. तक्रार नोंदवली की मोबाइलवर तक्रार क्रमांक येतो. कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट आपोआप परत आलेलं असतं. तो राउटर बंद करून चालू करतो, ‘आता बघा, येतंय ना?’ म्हणतो, आपण ‘हो’ म्हणतो आणि संध्याकाळी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज येतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मध्येच कोणीतरी राउटर बदलून जातो, त्यानेही फरक पडत नाही.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत आणि ठाण्या-वाशीतल्या ओळखीच्या सोसायट्यांत हा प्रकार मी अनेकदा मार्गी लावला आहे. बहुतेक ठिकाणी बिघाड सापडायला वेळ लागला, कारण तो शोधायला कोणी गेलंच नव्हतं. तुमच्या दृष्टीने नेट महिनाभर आजारी असतं. कंपनीच्या नोंदीत मात्र पाच-सहा सुट्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीपुढे ‘सोडवली’ असं लिहिलेलं असतं. त्या सुट्या तक्रारी एकाच बिघाडाच्या आहेत हे पुराव्यासह दाखवलं की काम हलतं. पुढच्या सगळ्या तपासण्या त्यासाठी आहेत. सोप्या आणि फुकटच्या आधी घेतल्या आहेत.

राउटरवरचे दिवे पाहा

नेट गेलं की फोन लावण्याआधी राउटरसमोर उभं राहून दिव्यांचा फोटो काढा. फायबरच्या राउटरवर PON आणि LOS अशी दोन नावं असतात. LOS तांबडा लागला किंवा लुकलुकत असेल, तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. म्हणजे बिघाड तारेत, जोडणीत किंवा पलीकडच्या यंत्रात आहे आणि तुमच्या वायफायचा त्याच्याशी काही संबंध नाही. LOS विझलेला, PON स्थिर हिरवा आणि तरीही नेट नाही, असं असेल तर तार ठीक आहे. मग अडचण लॉगिनमध्ये, संपलेल्या प्लॅनमध्ये किंवा कंपनीच्या पुढच्या जाळ्यात असते. दोन्ही दिवे ठीक असून फक्त मोबाइलवर नेट येत नसेल, तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा. केबलवर चालत असेल तर प्रश्न वायफायचा आहे आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

कॉल सेंटरचा पहिला प्रश्न ‘राउटर रीस्टार्ट केला का?’ हा असतो. रीस्टार्ट जरूर करा, पण फोटो काढल्यावर. आधी केलात आणि नेट आलं, तर हातात काहीच उरत नाही. फोटोवर तारीख-वेळ असते. ‘नेट नव्हतं’ या शब्दांपेक्षा तांबड्या LOSचा फोटो खूप जड पडतो.

अडॅप्टर आणि वीज

राउटरचा अडॅप्टर म्हातारा झाला की राउटर मधूनच स्वतः बंद होऊन चालू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते नेट गेल्यासारखंच दिसतं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर (बहुधा `192.168.1.1`, पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो) तो किती वेळ सलग चालू आहे हे दिसतं. नेट गेल्या वेळीच ते घड्याळ शून्यापासून सुरू झालेलं असेल, तर आधी अडॅप्टरकडे बघा. बदलताना व्होल्ट आणि टोकाची धन-ऋण बाजू तंतोतंत तीच हवी. अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. हा खर्च थोडा आहे आणि बिघाड इथे निघाला तर कंपनीशी बोलण्याची गरजच उरत नाही.

विजेचा दुसरा प्रश्न इमारतीचा आहे. महावितरणची वीज गेली, तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे, तरी नेट गेलं, तर इमारतीत कुठेतरी कंपनीचा वीज लागणारा स्विच बसवलेला असतो. बहुधा लिफ्टच्या खोलीत किंवा जिन्याखाली, सोसायटीच्या मीटरवर. शुद्ध फायबरच्या जोडणीत इमारतीतल्या, मुख्य तार घराघरांत वाटणाऱ्या डब्याला वीज लागतच नाही. त्यामुळे विजेबरोबर नेट जाणं ही मोठी खूण आहे. तिथे बॅटरी बसवा एवढीच मागणी पुरते. ठाण्यात स्थानिक केबलवाल्यामार्फत घेतलेल्या जुन्या कनेक्शनांत हे मला पुष्कळ वेळा दिसलं आहे.

घरातली पिवळी तार

राउटरमध्ये शिरणारी बारीक तार कपाटामागे दुमडली आहे का, दरवाजात चिमटली आहे का, टीव्ही युनिटच्या मागे करकचून बांधली आहे का ते फक्त डोळ्यांनी बघा. काचेची तार लहान वळणात वाकली की प्रकाश वळणावरून बाहेर निसटतो. तार तुटलेली नसते, पण पोचणारा प्रकाश कमी होतो. तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण कुठेही नको. दुमड असेल तर हलक्या हाताने मोकळी करा.

इथेच थांबा. हिरव्या टोकाची पिन काढू नका, पुसू नका आणि तारेच्या टोकात कधीही डोकावू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. शिवाय पिनेवर बोटाचा तेलकट ठसा लागला तर जो बिघाड नव्हता तो तयार होतो.

शेजाऱ्यांना विचारा

सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणाचं नेट गेलंय का?’ एवढं विचारून उपयोग नाही. सगळ्या कंपन्यांचे लोक उत्तरं देतात आणि गोंधळ होतो. कंपनी, विंग, मजला आणि LOSचा रंग, एवढंच विचारा. तुमचं एकट्याचं गेलं असेल तर बिघाड डब्यापासून तुमच्या घरापर्यंतच्या तारेत. एकाच विंगमधल्या चार घरांचं एका वेळी गेलं आणि बाजूची विंग ठीक असेल, तर त्या विंगेच्या डब्यात किंवा डब्याकडे येणाऱ्या तारेत. सगळ्या परिसराचं गेलं असेल तर रस्त्यावरच्या खोदाईत मुख्य केबल तुटली असण्याची शक्यता मोठी. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी तुमच्या घरी माणूस पाठवून काहीच होणार नाही, त्यामुळे तशी मागणीही करू नका.

माझ्या मते सगळ्यात कमी केली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. पाच मिनिटांत बिघाडाची जागा अर्धी सापडते.

वेळांची नोंद

आठवणीतल्या वेळा कंपनी मानत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण त्या चुकतात. एखादा जुना विंडोज लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्याची झोप बंद करा आणि पॉवरशेलमध्ये हे चालू ठेवा:

```
while ($true) {
  $r = Test-Connection 192.168.1.1 -Count 1 -Quiet
  $n = Test-Connection 8.8.8.8 -Count 1 -Quiet
  "$(Get-Date -Format 'yyyy-MM-dd HH:mm:ss') $r $n" |
    Add-Content "$HOME\net.txt"
  Start-Sleep 30
}
```

तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर `$r` च्या ओळीतला बदला. दर अर्ध्या मिनिटाला फाइलमध्ये एक ओळ पडते. `True True` म्हणजे सगळं ठीक. `True False` म्हणजे राउटरपर्यंत ठीक, बाहेर बंद. ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम असेल’ याला हेच उत्तर आहे. `False False` दिसलं तर राउटर स्वतःच बंद पडतोय किंवा तुमची केबल ढिली आहे. अशा ओळी कंपनीपुढे ठेवू नका, त्या तुमच्या घरातल्या आहेत.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वहीत लिहावं: गेल्याची वेळ, आल्याची वेळ, दिव्याचा रंग, पाऊस होता का, वीज होती का, तक्रार क्रमांक. दोन-तीन आठवड्यांची नोंद पुरते.

प्रकाश किती पोचतोय

हे थोडं अवघड वाटतं, पण पाच मिनिटांचं काम आहे. राउटरच्या पानावर PON किंवा ऑप्टिकल अशा नावाच्या भागात `Rx Power` असतं. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. घरगुती फायबरचे राउटर साधारणपणे उणे 8 ते उणे 27 या पट्ट्यात काम करतात. उणे 20 च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे 25 च्या खाली घसरला की तार काठावर आहे, आणि 27 ओलांडलं की नेट कधीही तुटेल. तीन डीबीएमने आकडा खाली गेला की पोचणारा प्रकाश निम्मा झालेला असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

एकदाच वाचून उपयोग नाही. कोरड्या दिवशी, जोराच्या पावसानंतर आणि नेट जाऊन परत आल्यावर लगेच, असे तिन्ही आकडे फोटोसह हवेत. कंपनीचा माणूस येतो तेव्हा नेट चालू असतं म्हणून तो जातो. पण चालू असतानाही आकडा उणे 26.9 असेल तर नेट बरं झालेलं नाही, हे त्यालाही मान्य करावं लागतं. काही कंपन्यांच्या राउटरवर हे पान ग्राहकाला उघडत नाही. मग येणाऱ्या माणसाला त्याच्या मीटरवर मोजून आकडा तक्रारीच्या शेऱ्यात लिहायला सांगा.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

आमच्या शेजारच्या सोसायटीत बी विंगच्या सातव्या मजल्यावर एक ताई घरून काम करतात. 12 जून ते 3 जुलै या काळात त्यांचं नेट सहा वेळा गेलं. 12 जूनला रात्री 8:40 ते 10:05. 16 ला सकाळी 6:15 ते 9:30. 19 ला दुपारी चाळीस मिनिटं. 23 ला संध्याकाळी 7:30 ला गेलं ते दुसऱ्या दिवशी 11:30 ला आलं. 29 ला सकाळी 9:05 ते 11:20, आणि 3 जुलैला दुपारी 4 ते 6:30. एकूण 26 तास 5 मिनिटं. दर वेळी LOS तांबडा. पाच तक्रारी, पाचही बंद. राउटर दोनदा बदलला गेला.

त्यांनी आधी लिहिलेली मेल मी वाचली. दीड पान होती, मनापासून लिहिलेली, आणि तिच्यात ‘अत्यंत निकृष्ट सेवा’, ‘फसवणूक’, ‘सोशल मीडियावर टाकीन’ हे सगळं होतं. तारखा नव्हत्या. उत्तरात माफी आली आणि सहावा माणूस राउटर घेऊन आला. यात त्या ताईंचा राग चुकीचा नव्हता, पण मेल वाचणाऱ्याला त्यातून करण्यासारखं एकच काम सापडलं, ते म्हणजे माफी मागणं.

आम्ही आकडे घेतले. मेमध्ये, नेट ठीक असताना घेतलेला एक फोटो नशिबाने त्यांच्याकडे होता: उणे 22.8. 29 जूनला नेट परत आल्यावर उणे 26.9. म्हणजे प्रकाश निम्म्याहून कमी. ग्रुपवर विचारल्यावर बी विंगमधली त्याच कंपनीची आणखी तीन घरं त्याच वेळांना बंद पडत होती असं कळलं. ए विंग ठीक होती. चार घरांचे राउटर एका वेळी बिघडत नाहीत. बिघाड बी विंगच्या डब्यात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत होता, आणि पावसाशी जोडलेला होता. कंपनीच्या माणसांपैकी कोणीही गच्चीवर गेलं नव्हतं, कारण गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

मग हे पत्र गेलं. नोंदणीकृत मेलवरून, कारण दुसऱ्या पत्त्यावरून पाठवलं की ‘ओळख पटवा’ यातच चार दिवस जातात.

> विषय: ग्राहक क्रमांक (…), बी विंग, नेरूळ. एकच बिघाड, 6 वेळा सेवा बंद, मूळ कारण शोधण्याबाबत
>
> प्रति,
> तक्रार केंद्र
>
> महोदय / महोदया,
>
> 12 जून ते 3 जुलै या काळात माझी फायबर सेवा 6 वेळा, एकूण 26 तास 5 मिनिटं बंद होती. वेळांचा तक्ता, दिव्यांचे फोटो आणि संगणकावरची नोंद सोबत जोडली आहे. यापैकी 5 वेळा तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक तक्त्यात दिले आहेत. पाचही तक्रारी सेवा आपोआप सुरू झाल्यावर बंद करण्यात आल्या. राउटर दोनदा बदलून झाला आहे.
>
> माझ्या समजुतीप्रमाणे हा एकच बिघाड आहे आणि तो माझ्या घराबाहेर आहे. कारणं अशी: प्रत्येक वेळी LOS दिवा तांबडा होता. बी विंगमधल्या आपल्या आणखी 3 ग्राहकांची सेवा त्याच वेळी बंद पडली (त्यांच्या संमतीने फ्लॅट क्रमांक जोडले आहेत). ए विंगमध्ये अडचण नाही. मे महिन्यात मिळणारा प्रकाश उणे 22.8 डीबीएम होता, 29 जूनला सेवा परत आल्यावर तो उणे 26.9 होता.
>
> माझी विनंती:
> 1. या पाचही तक्रारी एकत्र जोडून एकच तक्रार क्रमांक द्यावा.
> 2. बी विंगचा गच्चीवरचा डबा आणि त्याकडे येणारी तार तपासावी. डब्याआधी, डब्यानंतर आणि माझ्या घरी प्रकाश मोजून तिन्ही आकडे लेखी कळवावेत.
> 3. दुरुस्तीनंतर 7 दिवस सेवा सलग चालल्याशिवाय तक्रार बंद करू नये.
> 4. सेवा बंद असलेल्या काळाबद्दल प्लॅनची मुदत 2 दिवसांनी वाढवावी.
>
> गच्चीची किल्ली वॉचमनकडे आहे. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेत कधीही काम करता येईल. सेक्रेटरींचं परवानगीपत्र जोडलं आहे.
>
> घरी आलेल्या आपल्या सर्व तंत्रज्ञांनी नीट सहकार्य केलं. त्यांना गच्चीपर्यंत जाण्याची सूचना नव्हती, एवढंच मला दिसतं.
>
> कृपया 10 जुलैपर्यंत कळवावं. तोपर्यंत उत्तर न आल्यास मी आपल्या अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज करेन.
>
> आपली,
> (नाव, फ्लॅट क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल)

यातल्या दुसऱ्या विनंतीवर सगळं पत्र उभं आहे. ‘कायमस्वरूपी तोडगा काढा’ असं लिहिलं की त्याचा अर्थ वाचणारा ठरवतो. ‘तीन ठिकाणी मोजून आकडे कळवा’ असं लिहिलं की काम झालं की नाही हे दोघांनाही सारखंच दिसतं. राउटर बदलून हे आकडे मिळत नाहीत. त्यासाठी गच्चीवर जावंच लागतं.

किल्लीचं वाक्य किरकोळ वाटेल, पण ‘ग्राहकाने प्रवेश दिला नाही’ हा तक्रार बंद करण्याचा नेहमीचा शेरा आहे आणि सोसायट्यांच्या बाबतीत तो कित्येकदा खराही असतो. किल्ली, वेळ आणि परवानगी आधीच लिहिली की ती वाट बंद होते. तंत्रज्ञांबद्दलचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावतो. ती मुलं दिवसभर एका सोसायटीतून दुसरीत पळत असतात, आणि पत्र वर गेल्यावर दोष त्यांच्यावर ढकलला जाऊ नये. शिवाय उद्या गच्चीवर तीच येणार आहेत.

भरपाई शेवटची ठेवली, तीही दोन दिवसांची. महिन्याचे पैसे परत मागितले की पत्र बिलिंग विभागाकडे जातं आणि तिथे डब्याबद्दल कोणालाच काही माहीत नसतं. जेवढी सेवा गेली तेवढीच मागा, ती सहसा मिळते.

पत्रानंतर तीन दिवसांनी वरिष्ठ तंत्रज्ञ आला. गच्चीवरच्या डब्याचं झाकण तडकलं होतं, आत पाणी होतं, पिना ओल्या होत्या आणि तार झाकणात चिमटून दुमडली होती. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवाल्यांनी डबा भिंतीवरून उतरवून कठड्याखाली ठेवला होता. म्हणजे सोसायटीचाही त्यात भाग होता, आणि ते कमिटीने लेखी मान्य केलं. डबा नवा बसवला, तारेचं टोक कापून पुन्हा जोडलं. घरचा आकडा उणे 20.4 आला.

माणूस आल्यावर

बऱ्याच कंपन्या तक्रार बंद करताना ग्राहकाकडून ओटीपी घेतात. नेट चालू दिसतंय म्हणून तो देऊन टाकू नका. सरळ सांगा: ‘दादा, आज मोजलेला आकडा शेऱ्यात लिहा. नेट आठवडाभर टिकलं की मीच ओटीपी देईन.’ बहुतेक जण ऐकतात. ‘आजच बंद करावी लागते, वरून सांगितलंय’ असं म्हणाला तर त्याच्याशी वाद नको. त्याच्यासमोर कॉल सेंटरला फोन लावून तक्रार उघडी ठेवायला सांगा. तरी बंद झालीच, तर नव्याने नोंदवताना पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘ही नवी तक्रार नाही, अमुक क्रमांकाची तक्रार पुन्हा उघडायची आहे.’

फोनवर आवाज चढू देऊ नका. समोरची व्यक्ती बहुधा दुसऱ्या शहरात बसलेली असते आणि तिला तुमची गच्ची दिसत नाही. पण शेरा तीच लिहिते. ‘तुम्ही काय लिहिलंत ते मला वाचून दाखवाल का?’ हे शांतपणे विचारलं की शेरा सुधारतो.

उत्तरच आलं नाही तर

ट्रायच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत: तक्रार केंद्र आणि कंपनीचा अपील प्राधिकारी. तक्रारीला क्रमांक मिळणं हा तुमचा हक्क आहे. दिलेल्या मुदतीत निवारण झालं नाही किंवा समाधान झालं नाही, तर 30 दिवसांत अपील करता येतं आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत व्हावा लागतो. अपिलाला फी नाही. अपिलात नवीन काही लिहू नका. वरचं पत्र, तक्ता आणि मिळालेली उत्तरं जोडा, आणि कुठली विनंती पूर्ण झाली नाही तेवढं सांगा. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. स्थानिक छोट्या कंपनीचा तो सापडत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवा. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवून फारसा उपयोग नाही. ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत, कंपनीकडेच पुढे पाठवतात.

कुठे थांबायचं

गच्चीवरचा डबा स्वतः उघडू नका, पाऊस असो वा नसो. त्यात इतरांच्या तारा असतात, एक पीन हलली तर दहा घरं बंद पडतात. इमारतीच्या डक्टमध्ये विजेच्या तारा शेजारीच जातात, तिथे सोसायटीच्या वायरमनशिवाय कोणी हात घालू नये. तार जोडण्याचं काम वेगळ्या यंत्राने होतं, ते कंपनीचंच काम आहे. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन जोडून घेतलं तर पुढच्या बिघाडाची जबाबदारी तुमच्यावर येते.

घरून काम असेल तर आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरगुती प्लॅनमध्ये सेवा किती टक्के वेळ चालू राहील याची हमी सहसा नसते. हमी हवी असेल तर लेखी करार असलेली व्यावसायिक लाइन घ्यावी लागते आणि ती बरीच महाग असते. 99.5 टक्क्यांची हमी म्हणजेही 30 दिवसांत 3.6 तास बंद. त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कनेक्शन जोडीला ठेवणं बहुतेकांना परवडतं, फक्त ती तार त्याच डक्टमधून येत नाही ना हे आधी बघा.

अपिलानंतरही काही झालं नाही, किंवा नेट बंद असल्यामुळे धंद्याचं मोठं नुकसान झालं असेल, तर पत्रं लिहिणं थांबवून ग्राहक न्यायालयाचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते का हा प्रश्न त्यांनीच पाहायचा आहे. घरगुती कनेक्शनसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतः अर्ज करता येतो. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे, म्हणून तक्ता, फोटो आणि `net.txt` तोपर्यंत पुसू नका.